डॉक्टरांचा 'कट' : अमानतीत खयानत कशी होते?

घरात कुणी आजारी पडलं की आपण डॉक्टरांवर भरवसा ठेवतो, कारण दुसरा इलाजच नसतो. तपासणी खरंच लागते की नाही, हे आपल्याला कळत नाही. ते कळावं म्हणूनच तर आपण फी देतो. म्हणजे डॉक्टरांच्या हाती आपण फक्त शरीर देत नाही, निर्णयही अमानत म्हणून सोपवतो. 'कट प्रॅक्टिस' नेमकी इथेच घाव घालते.

हा 'कट' म्हणजे काय? डॉक्टर पेशंटला एखाद्या लॅबमध्ये, स्कॅन सेंटरमध्ये किंवा मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात आणि तिथून बिलाचा ठरलेला हिस्सा डॉक्टरांना परत मिळतो. बहुतेकदा हा हिशेब रोखीने, महिनाअखेरीस होतो. पेशंटला याची खबर नसते.

पण कधीकधी पुरावा हाती येतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी एका पेशंटला एमआरआयसाठी पुण्याला पाठवलं. काही दिवसांनी त्या सेंटरकडून त्यांना 1,200 रुपयांचा चेक आला. त्यांनी तो ठेवून घेतला नाही, मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. 2013 साली हे प्रकरण गाजलं. प्रश्न साधा होता : हे 1,200 रुपये आले कुणाच्या खिशातून? पेशंटच्याच.

आता एक उदाहरण समजून घेऊ. समजा, अम्मींची कंबर आठ दिवसांपासून दुखतेय. डॉक्टर लगेच एमआरआय लिहून देतात. बिल 6,000 रुपये, त्यातला 30 टक्के कट म्हणजे 1,800 रुपये. कट नसता तर सेंटरला तोच स्कॅन 4,200 मध्ये परवडला असता. पण पैशांचं नुकसान इथे लहान आहे. खरा धोका पुढे आहे.

साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे सहसा एमआरआय लागत नाही; बहुतेकांचं दुखणं तोवर कमी होतं. अपवाद आहेत : पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांमधला भाग बधिर होणं, ताप, अचानक वजन घटणं, मोठी इजा किंवा आधी कॅन्सर झालेला असणं. यातलं काही असेल तर तपासणीला उशीर करूच नये.

अम्मींना यातलं काहीच नाही. तरी रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' येतं. चाळिशीनंतर, अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही असं बऱ्याचदा दिसतं. पण रिपोर्ट हातात आल्यावर घरचे घाबरतात. मग सर्जनकडे चिठ्ठी, इंजेक्शन, कधी ऑपरेशनची गोष्ट. या प्रत्येक पायरीवर पुन्हा कट असू शकतो. एका गरज नसलेल्या तपासणीतून उपचारांची अख्खी साखळी उभी राहते.

मग ओळखायचं कसं? डॉक्टरांना अदबीने एकच प्रश्न विचारा : "डॉक्टरसाहेब, या रिपोर्टमुळे उपचारात काय बदलणार?" गरजेच्या तपासणीचं उत्तर सरळ मिळतं. दुसरी खूण म्हणजे एकाच लॅबचा आग्रह. चांगल्या दर्जासाठीही डॉक्टर एखादी लॅब सुचवू शकतात, तेवढ्यावरून शक घेऊ नये. पण दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट न बघताच नाकारला, कारणही सांगितलं नाही, तर मात्र सावध व्हा. स्कॅन सेंटरमध्ये आधी चिठ्ठी न दाखवता दर विचारा. चिठ्ठीनंतर तो वाढला, तर कारण विचारा आणि पक्कं बिल घ्याच.

कायदा काय म्हणतो? मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत, पेशंट पाठवण्याच्या बदल्यात कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना साफ मना आहे. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. दोष सिद्ध झाला तर डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काढलंही जाऊ शकतं. अडचण अशी की कौन्सिलचा अधिकार फक्त डॉक्टरांवर चालतो. कट देणारी लॅब किंवा कंपनी त्याच्या बाहेर राहते, आणि रोखीच्या व्यवहाराचा पुरावा पेशंट आणणार कुठून? हीच फट बुजवण्यासाठी राज्य सरकारने 2017 मध्ये माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कायद्याचा मसुदा करवून घेतला. तो मसुदा कागदावरच राहिला.

सगळेच डॉक्टर असे नाहीत, हे आम्ही आवर्जून सांगतो. उलट कट न घेणाऱ्या डॉक्टरचं यात जास्त नुकसान होतं, कारण तो कुणाला कट देत नाही, म्हणून त्याच्याकडे पेशंट पाठवले जात नाहीत. आणि एकदा भरवसा तुटला की माणूस गरजेची तपासणीही टाळतो. छातीत दुखत असताना "हे पैसे काढतायत" म्हणत ईसीजी न करणं जिवावर बेतू शकतं. कटची सगळ्यात मोठी किंमत हीच : खोट्या सल्ल्यामुळे खऱ्या सल्ल्यावरचाही भरवसा उडतो.