एडीएक्स: आधी चाल ओळखा, मग सौदा

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेला एडीएक्स भाव वर जाईल की खाली हे सांगत नाही, चालीत जोर किती आहे एवढेच दाखवतो.

समजा, बिटकॉइन-टिथरच्या रोजच्या आलेखावर +DI ३० आणि -DI १० आहे. फरक २०, बेरीज ४०, म्हणून त्या दिवसाचा DX ५०. आकडे २२ आणि १८ असते, तर DX फक्त १० आला असता. या DX ची १४ दिवसांची सरकती सरासरी म्हणजे एडीएक्स. तो २५ च्या वर असेल तर कलाच्या दिशेने जावे. २० च्या खाली भाव पट्ट्यात फिरतो असे धरून तळाशी घ्यावे, माथ्यावर विकावे. अधेमधे असेल तर थांबणेच बरे.

DI मुळातच सरासरीवर बेतलेले असल्याने एडीएक्स उशिरा बोलतो. उसळी थंडावल्यावरही तो काही दिवस २५ च्या वर रेंगाळतो, म्हणून तो चढतोय की उतरतोय हे पाहावेच. बहुतेक एक्स्चेंजांवर रोजची कँडल आपल्या पहाटे साडेपाचला बंद होते. त्याआधीचा आकडा कच्चा समजावा.

भारतात १ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. त्यामुळे अरुंद पट्ट्यातली वारंवार खरेदी-विक्री भांडवल अडकवते, एडीएक्स कितीही खाली असला तरी.