सौदा कोणाचा? सॉफ्टवेअर कंपनी आणि तिचे डीलर

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातल्या व्यापाऱ्याला हिशोबाचे, स्टॉकचे किंवा बिलिंगचे सॉफ्टवेअर बहुधा स्थानिक डीलरच विकतो. टॅली देशभर पोचली ती अशाच पार्टनरांच्या जाळ्यातून. गावातले सीए डीलरच्या ओळखीचे असतात, संगणक अडला की तो स्कूटर काढून दुकानात हजर होतो, आणि व्यापारी त्याच्या शब्दावर चेक फाडतो. असे जाळे उभारताना कंपनीला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: डीलरला किती मार्जिन द्यायचे, त्याला काय शिकवायचे, आणि एकाच गिऱ्हाइकाकडे दोघे पोचले तर सौदा कोणाचा मानायचा. बहुतेक योजना पहिल्या गोष्टीवर घसघशीत आकडा लिहितात आणि तिसरी मोघम ठेवतात. योजना फसते ती तिथेच.

समजा, पुण्यातली एक कंपनी सूत व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. वर्षाची फी 1 लाख रुपये आणि डीलरला सरसकट 25 टक्के मार्जिन. इचलकरंजीतला डीलर एका व्यापाऱ्याकडे तीन-चार फेऱ्या मारतो, डेमो दाखवतो, त्याच्या मुनिमाच्या शंका सोडवतो. पेट्रोल आणि माणसाचा पगार धरून एका गिऱ्हाइकामागे त्याचे 4 हजार जातात. चारांपैकी एकच व्यापारी सॉफ्टवेअर घेतो, म्हणजे एका विक्रीमागे खरा खर्च 16 हजारांचा. 25 हजारांतून ते वजा जाता हातात उरतात 9 हजार. आता व्यापारी घासाघीस करणारच. त्याने 10 टक्के सूट मागितली तर ती सगळी डीलरच्या खिशातून जाते, कारण कंपनीला त्याला 75 हजार द्यायचेच असतात. मिळकत 15 हजारांवर येते आणि त्या विक्रीत एक हजाराचा तोटा होतो. मार्जिनचा आकडा कागदावर किती मोठा आहे यापेक्षा सौदा जमवण्याचा खर्च आणि बाजारातली नेहमीची सूट वजा जाता काय उरते, हे पाहूनच तो ठरवला पाहिजे.

खरा घाव याच्या पुढे बसतो. डेमो पाहून व्यापाऱ्याची खात्री पटते आणि तो कोल्हापुरातल्या दुसऱ्या डीलरला फोन करून भाव विचारतो. त्या डीलरने काहीच खर्च केलेला नसतो. तो 80 हजारांत द्यायला तयार होतो आणि बसल्या जागी 5 हजार कमावतो. पहिल्याने तोच भाव दिला तर त्याला 11 हजारांची खोट येते. असे दोनदा घडले की तो डेमो देणे थांबवतो आणि कंपनीचे नाव त्या बाजारातून हळूहळू पुसले जाते.

कोणीही ठरावीक भावाखाली विकायचे नाही असा फतवा काढणे हा यावरचा सोपा वाटणारा उपाय, पण तो धोक्याचा आहे. ज्या पुनर्विक्री-भावबंधनाने बाजारातल्या स्पर्धेला बाधा येते ते 2002 च्या स्पर्धा कायद्याला मान्य नाही. डीलरांच्या सवलतींवर अंकुश ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. डीलरने गिऱ्हाइकाला काय भाव द्यावा हे ठरवण्यापेक्षा, कोणत्या डीलरला आपण किती मार्जिन द्यावे हे कंपनीने ठरवणे जास्त सुरक्षित. सौद्याची नोंदणी, म्हणजे डील रजिस्ट्रेशन, याच तत्त्वावर चालते.

वरच्याच उदाहरणात मूळ मार्जिन 15 टक्के ठेवावे आणि आधी नोंद करणाऱ्याला त्यावर आणखी 15 टक्के द्यावेत. आता नोंद केलेल्या डीलरला सॉफ्टवेअर 70 हजारांना पडते आणि इतरांना 85 हजारांना. कोल्हापूरकर 85 हजारांखाली जाऊच शकत नाही. इचलकरंजीकराने 88 हजारांत विकले तरी त्याला 18 हजार मिळतात आणि खर्च भागून 2 हजार उरतात. कोणालाही विक्रीची बंदी नाही, फक्त मेहनतीचा मोबदला मेहनत करणाऱ्याकडे वळला.

नोंदणीचा अर्ज छोटा असावा, पण नेमका. गिऱ्हाइकाचे नुसते नाव पुरत नाही, कारण एकच व्यापारी तीन पेढ्यांच्या नावाने बिले फाडत असतो. म्हणून जीएसटी क्रमांक घ्यावा. त्याच्या 15 अक्षरांतली पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्राची 27 आणि गोव्याची 30. पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचा भाग ताडून पाहिला की एकाच मालकीच्या फर्मची दोन राज्यांतली दुहेरी नोंद चटकन सापडते. शिवाय निर्णय घेणारी व्यक्ती कोण, भेट कधी झाली, किती जण सॉफ्टवेअर वापरणार, एवढे पुरे. कंपनीने दोन कामकाजाच्या दिवसांत होकार किंवा कारणासह नकार कळवावा. मुदत 90 दिवसांची, आणि काम पुढे सरकल्याचा पुरावा दिल्यास एकदाच वाढ.

काही डीलर व्यापारी संघाची यादी समोर ठेवून सगळ्यांचीच नोंद करून टाकतात. ते ओळखणे अवघड नसते: एकाच दिवशी ढीगभर अर्ज, सगळ्यांवर खरेदीची एकच अपेक्षित तारीख, आणि तिमाहीअखेर जमलेले सौदे नगण्य. पाचातल्या एका अर्जावर गिऱ्हाइकाला फोन करून भेटीची खातरजमा केली तरी हा प्रकार आटोक्यात येतो. त्याहून घातक म्हणजे कंपनीच्याच विक्री प्रतिनिधीने नोंदलेले गिऱ्हाईक परस्पर गाठणे. ताकीद देऊन ते थांबत नाही. विक्री थेट झाली काय किंवा डीलरमार्फत झाली काय, प्रतिनिधीला इन्सेन्टिव्ह सारखाच मिळाला की डीलरला डावलण्याचे कारणच राहत नाही.

प्रशिक्षणाचा संबंध पुन्हा मार्जिनशीच येतो. विकायला शिकवणे दोन दिवसांत होते; बसवून द्यायला शिकवणे वेळखाऊ असते. परीक्षा प्रश्नपत्रिकेवर न घेता कोऱ्या कंपनीवर घ्यावी: सुरुवातीचा स्टॉक भरा, एक खरेदी टाका, त्यातला थोडा माल परत करा, क्रेडिट नोट काढा आणि शिल्लक जुळवून दाखवा. माल परतीच्या नोंदीवर जो अडतो तो गिऱ्हाइकाकडेही तिथेच अडणार. प्रमाणपत्र फर्मला न देता माणसाला द्यावे, कारण शिकलेला पोरगा वर्षभरात दुसरीकडे जातो. तो गेल्यावर नवा माणूस तयार करायला 60 दिवस द्यावेत आणि तोवर नवे काम बसवण्याची जबाबदारी कंपनीने घ्यावी. प्रशिक्षण मुरले का, हे नव्या गिऱ्हाइकांकडून पहिल्या महिन्यात कंपनीच्या हेल्पलाइनवर किती फोन आले यावरून कळते. एकाच डीलरची गिऱ्हाइके पुन्हा पुन्हा तेच विचारत असतील, तर त्याच्या माणसाला परत बसवून शिकवावे लागते.

राहिला नूतनीकरणाचा प्रश्न. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक शोधायचे नसते, त्यामुळे मार्जिन कमी असणे रास्त आहे, पण ते शून्य ठेवणारी कंपनी पस्तावते. डीलर मग जुन्या गिऱ्हाइकाचा फोन उचलत नाही, नवे शोधत फिरतो, आणि वर्षअखेर व्यापारी दुसरे सॉफ्टवेअर घेतो. वरच्या उदाहरणात 10 टक्के पुरेसे ठरतात. मात्र वर्षभरात निदान दोन भेटींची नोंद असेल तरच ते मिळतील, ही अट करारातच लिहिलेली असावी.