पत्रिकेतली तारीख, वेलबुट्टी तशीच

पत्रिकेवर ‘गुरुवार, १२ मे २०२६’ छापलंय, पण गुरुवार येतो २१ तारखेला. मूळ फाइल नाही, फक्त जेपीजी. त्यात अक्षरं, कागद आणि वेलबुट्टी एकाच थरात मुरलेली असतात. म्हणून फोटोशॉपमध्ये आधी चित्राची प्रत काढा. ‘१’ आणि ‘२’ वेगवेगळ्या थरांवर कॉपी करा. मग जुन्या आकड्यांवर शेजारच्या कोऱ्या कागदाचा तुकडा, कडा किंचित मऊ करून, बसवा. निवड वेलबुट्टीच्या आतच ठेवा. आता दोन्ही आकड्यांची अदलाबदल करा. नवा फाँट शोधायला नको, आणि आकड्यांच्या कडांचा धूसरपणाही जुळतो. चित्र दुप्पट मोठं करून पाहा: ठिगळ गुळगुळीत दिसलं, तर कागदाचा पोत हरवलाय. शेवटी पीएनजीत साठवा. जेपीजी पुन्हा साठवली, तर न शिवलेली वेलबुट्टीही खराब होते.