नव्या पत्त्यांची पळवाट

पुण्यातल्या एका घरात फायबरचं कनेक्शन आहे, राउटर अलीकडचा आहे आणि लॅपटॉपवर व्हीपीएन चालू आहे, असं धरून चालू. व्हीपीएनचा सर्व्हर फ्रँकफर्टला आहे. आयपी पत्ता दाखवणारी एखादी जुनी साइट उघडली, तर ती बिनचूक जर्मनीतला पत्ता दाखवते. त्याच वेळी शेजारच्या टॅबमध्ये उघडलेली दुसरी साइट मात्र हा पाहुणा पुण्याहून आल्याची नोंद करते. व्हीपीएन तुटलेलं नसतं आणि कुणी त्याचं एन्क्रिप्शनही फोडलेलं नसतं. दुसऱ्या साइटकडे जाणारी माहिती बोगद्यात शिरलेलीच नसते.

याचं मूळ इंटरनेटच्या दोन पत्तापद्धतींत आहे. जुनी पद्धत आयपीव्ही४. तिच्यात ३२ बिटांचे साधारण ४३० कोटी पत्ते बसतात, आणि त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. नवी पद्धत आयपीव्ही६. तिचा पत्ता १२८ बिटांचा असतो, त्यामुळे तुटवड्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र नवी पद्धत म्हणजे जुनीला जोडलेली पुरवणी नव्हे. ती पूर्णपणे वेगळी आहे आणि दोन्ही एकाच यंत्रावर एकाच वेळी चालतात. कुठलं पॅकेट कोणत्या वाटेनं पाठवायचं, याच्या दोन स्वतंत्र वह्या संगणक ठेवतो. एका वहीत केलेला बदल दुसरीत आपोआप उतरत नाही.

व्हीपीएन जोडलं जातं तेव्हा ते या वहीत स्वतःचा मार्ग लिहितं. ओपनव्हीपीएनची प्रचलित रीत अशी, की ते 0.0.0.0/1 आणि 128.0.0.0/1 अशा दोन नोंदी घालतं. या दोन अर्ध्या भागांत आयपीव्ही४चं सगळं जग येतं. अधिक नेमकी नोंद नेहमी जिंकते, म्हणून राउटरकडे जाणारा मूळ मार्ग जागेवर राहूनही निष्प्रभ होतो. हे काम चोख होतं, पण फक्त जुन्या वहीत. नव्या वहीत राउटरनं आधीच लिहिलेलं असतं की बाहेर जाणारं सगळं माझ्याकडे द्या. व्हीपीएनच्या सॉफ्टवेअरनं तिथे हात लावला नाही, तर ती सूचना तशीच लागू राहते.

त्यात ब्राउझरचा स्वभाव भर घालतो. एखाद्या साइटचे दोन्ही प्रकारचे पत्ते मिळाले, तर आजचे ब्राउझर आधी आयपीव्ही६चा रस्ता धरतात आणि क्षणभर, साधारण पाव सेकंद, थांबून मग जुन्याचा प्रयत्न करतात. वापरणाऱ्याला ताटकळावं लागू नये म्हणून ही सोय आहे. परिणाम असा, की उघडी राहिलेली वाट क्वचित कधीतरी वापरली जात नाही. तीच पहिली पसंती ठरते. ज्या साइटकडे फक्त जुना पत्ता आहे, तिथे मात्र व्हीपीएन अगदी नीट काम करताना दिसतं. म्हणूनच हा दोष डोळ्यांतून सुटतो.

गळतीची किंमतही नव्या पद्धतीत जास्त असते. पत्ते पुरत नाहीत म्हणून जुन्या पद्धतीत अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसवतात. असा पत्ता उघड झाला तरी बोट एका घराकडे जात नाही. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक घराला स्वतःचा पत्त्यांचा पट्टा मिळतो. पत्त्याचा मागचा भाग उपकरणं अधूनमधून बदलत राहतात, पण पुढचा भाग त्या घराचाच असतो आणि कित्येकदा दीर्घकाळ तोच राहतो.

हे धोके कल्पनेतले नाहीत. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफनं ऑगस्ट २०१४ मध्ये फर्नांडो गोंट यांचा ‘आरएफसी ७३५९’ हा दस्तऐवज याच विषयावर काढला. पुढच्या वर्षी रोम आणि लंडनमधल्या संशोधकांनी १४ व्यावसायिक व्हीपीएन सेवा तपासल्या. त्यांतल्या बहुतेकांतून आयपीव्ही६ गळत होतं. २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन अ‍ॅप्स तपासली गेली, तेव्हा त्यांतली ८४ टक्के अ‍ॅप्स आयपीव्ही६ बोगद्यातून नेत नसल्याचं आढळलं. त्यानंतर अनेक सेवा सुधारल्या. तरी स्वतः उभारलेल्या आणि कार्यालयांच्या जुन्या व्हीपीएनमध्ये ही उणीव राहू शकते.

गोंट यांच्या दस्तऐवजातला एक इशारा विशेष गंभीर आहे. कॅफेच्या वाय-फायवर आयपीव्ही६ नसलं, म्हणजे आपण सुरक्षित, असं होत नाही. त्या नेटवर्कवरचा दुसरा कुणीही ‘मीच आयपीव्ही६चा राउटर’ अशी खोटी घोषणा पसरवू शकतो. लॅपटॉप ती खरी मानतो आणि बोगद्याबाहेरची वाहतूक त्याच्या हाती सोपवतो.

वाट बंद करण्याचे मार्ग दोनच: आयपीव्ही६ही बोगद्यातून न्यायचं, किंवा ते अडवायचं. पहिला मार्ग उत्तम. वायरगार्डमध्ये तो संगणकावरच्या एका ओळीत मावतो:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

स्वल्पविरामानंतरचा ::/0 म्हणजे आयपीव्ही६चं सगळं जग. अनेक नमुना फायलींत नेमका तोच गाळलेला असतो. सर्व्हरकडे आयपीव्ही६ची सोय नसली, तरीही हा भाग लिहावा. मग ती पॅकेटं बोगद्यात शिरून तिथेच गळून पडतात आणि ब्राउझर मुकाट जुन्या पत्त्याकडे वळतो. साइट उघडायला किंचित उशीर होईल, पण काही बाहेर जाणार नाही. ओपनव्हीपीएनच्या नव्या आवृत्त्यांत यासाठीच block-ipv6 हा पर्याय आहे.

‘किल स्विच’ म्हणून स्वतः फायरवॉलचे नियम लिहिणारे इथे हमखास अडखळतात. लिनक्सवर iptables फक्त आयपीव्ही४ पाहतं. आयपीव्ही६साठी ip6tables वेगळं. पहिल्यात कितीही कडक नियम लिहिले तरी दुसरं सताड उघडं राहू शकतं. nftables मध्ये inet प्रकारची तक्ती वापरली, तर एकच नियम दोन्हींना लागतो.

उपकरणावरचं आयपीव्ही६ सरसकट बंद करण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो. घरच्या लॅपटॉपवर तो तात्पुरता चालतो. मोबाइलवर मात्र तो अंगाशी येतो. जिओच्या नेटवर्कवर फोनला मुळात आयपीव्ही६च मिळतं आणि जुन्या पत्त्यांकडे जाणारी वाहतूक भाषांतर होऊन त्यावरूनच जाते. तिथे ते बंद करणं म्हणजे इंटरनेटच बंद करणं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि त्याखालचा व्हीपीएनशिवायची कनेक्शनं अडवणारा पर्याय, दोन्ही चालू ठेवणं हा तिथला योग्य उपाय.

शेवटी तपासणी. व्हीपीएन बंद ठेवून टर्मिनलमध्ये या दोन आज्ञा द्याव्यात, मग ते चालू करून पुन्हा द्याव्यात:

```
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
```

व्हीपीएन चालू असताना दुसऱ्या आज्ञेनं एकतर व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दाखवावा किंवा त्रुटी द्यावी. आधीचाच पत्ता पुन्हा उमटला, तर गळती आहे. व्हीपीएन बंद असतानाही दुसरी आज्ञा अपयशी ठरली, तर त्या नेटवर्कवर आयपीव्ही६ नाहीच आणि ही चाचणी काहीही सिद्ध करत नाही. ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा करावी. व्हीपीएन जोडण्याआधी उघडलेले टॅब जुन्याच वाटेनं चालू राहू शकतात, म्हणून ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. आणि लॅपटॉप झोपेतून जागा केल्यावर व्हीपीएन परत जोडलं जात असताना हीच तपासणी एकदा करावी, कारण किल स्विचमधली चूक उघडी पडते ती त्या काही सेकंदांतच.