फोनमधला स्लो-मोशन लॅपटॉपवर का पळतो?

फोनवर संथपणे उलगडणारी गोलंदाजाची फेक लॅपटॉपवर नेली की डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते. क्लबच्या टीव्हीवर पेन ड्राइव्ह लावला तर कधी चित्र अडखळतं, कधी नुसता आवाज येतो, कधी ‘हे स्वरूप चालत नाही’ अशी पाटी दिसते. लोकांना वाटतं की फाइल बिघडली, किंवा पाठवताना काहीतरी गळालं. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. फोन जे दाखवत होता ते मुळात त्या फाइलमधल्या चित्रांत नव्हतंच, एवढंच.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक लावलेली स्थिर चित्रं, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येक चित्राला, म्हणजे फ्रेमला, ती कोणत्या क्षणी दाखवायची याची वेळ चिकटवलेली असते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. स्लो-मोशनमध्ये आयफोन सेकंदाला १२० किंवा २४० टिपतो. अनेक अँड्रॉइड फोनही तेच करतात. २०१३ साली आलेल्या आयफोन ५एसमध्ये ही सोय १२० फ्रेमची होती, पुढच्या वर्षीच्या आयफोन ६मध्ये ती २४० झाली. आयफोन या २४० फ्रेमवर खऱ्या वेळेचेच शिक्के मारतो. सहा सेकंदांची फेक फाइलमध्येही सहा सेकंदांचीच राहते, फक्त तिच्यात १४४० फ्रेम असतात. ‘इथून इथपर्यंत हळू दाखव’ ही सूचना वेगळी ठेवलेली असते आणि ती फोनचं फोटो ॲप वाचतं. सॅमसंगच्या फोनमध्येही मंद भागाची नोंद अशीच वेगळी असते. ती त्यांची गॅलरी समजून घेते, बाकीचे प्लेअर तिच्याकडे पाहतही नाहीत.

साधा प्लेअर मग फक्त शिक्के पाहतो आणि सहा सेकंदांत १४४० फ्रेम दाखवायला निघतो. बहुतेक लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, त्यामुळे चारातल्या तीन फ्रेम दिसतच नाहीत. टीव्हीची अडचण आणखी मूलभूत आहे. पूर्ण एचडीतल्या सेकंदाला २४० फ्रेम उलगडणं हे त्याच्या चिपच्या कुवतीबाहेरचं काम असतं, म्हणून तो अडखळतो किंवा हात वर करतो.

काही फोन उलट वागतात. ते टिपतात २४० फ्रेम, पण शिक्के ३० च्या हिशेबाने मारतात. त्यांची सहा सेकंदांची फेक फाइलमध्येच ४८ सेकंदांची होते आणि कुठेही संथच दिसते. अशा फाइलला हात लावायची गरज नसते. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्याकडे कोणत्या जातीची फाइल आहे ते पाहणं. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर हे सांगतं. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची भीती नाही, त्यांनी एफएफएमपेग हे मोफत साधन बसवावं. त्याच्यासोबत येणारी ही आज्ञा नेमकं हवं तेवढंच छापते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,avg_frame_rate,nb_frames,duration -of default=nw=1 IMG_4312.MOV
```

`duration` सहाच्या आसपास आणि `nb_frames` १४४० च्या आसपास असेल, तर फाइल खऱ्या वेळेची आहे. `avg_frame_rate` अपूर्णांकात छापला जातो. भागाकार केला की तो नेमका २४० न येता थोडा इकडेतिकडे येईल. फोनचा कॅमेरा घड्याळाच्या काट्यासारखा चालत नाही, त्याने बिचकू नये. `duration` ४८ दिसली तर फाइल आधीच संथ केलेली आहे. तिच्यावर पुन्हा आठपट प्रयोग केला तर सहा सेकंदांची फेक सहा मिनिटं चोवीस सेकंद चालेल.

आता खरं काम. समजा, तालुक्याच्या अकादमीतल्या प्रशिक्षकाला हीच सहा सेकंदांची फेक मुलांना टीव्हीवर दाखवायची आहे. चेंडू ताशी १३० किलोमीटरने सुटत असेल, तर तो सेकंदाला ३६ मीटर जातो. साध्या व्हिडिओच्या दोन फ्रेममध्ये तो १ मीटर २० सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे हातातून सुटण्याचा क्षण मधल्या मधे हरवू शकतो. २४० फ्रेममध्ये हेच अंतर १५ सेंटिमीटर होतं. मनगट कुठे वळलं, चेंडू कुठून सुटला, हे त्या जादा फ्रेममध्येच आहे. त्यातली एकही गळू द्यायची नाही. चित्रांना हात न लावता फक्त वेळेचे शिक्के आठपट लांब करायचे:

```
ffmpeg -itsscale 8 -i IMG_4312.MOV -map 0:v:0 -c copy santh.mp4
```

यातला `-itsscale 8` प्रत्येक शिक्क्याला आठने गुणतो (२४० भागिले ३०, म्हणून आठ, १२० फ्रेमच्या फाइलला चार). `-c copy` म्हणजे चित्रं जशीच्या तशी उचलायची, पुन्हा दाबायची नाहीत. त्यामुळे दर्जा कणभरही घटत नाही आणि काम डोळ्यांदेखत संपतं. `-map 0:v:0` फक्त चित्र घेतो, आवाज सोडून देतो. आठपट ताणलेला आवाज घोगरा गुरगुराट होतो. ठेवून काही साधत नाही, असं माझं मत.

लॅपटॉपसाठी एवढं पुष्कळ आहे. टीव्हीसाठी मात्र नेहमी पुरत नाही, आणि यामागचं कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं. चित्रांच्या प्रवाहात सुरुवातीलाच एक पट्टी असते: ‘मला उलगडायला अमुक कुवतीची चिप लागेल.’ कॅमेऱ्याने ती २४० फ्रेम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. आपण शिक्के बदलले तरी पट्टी तीच राहते. आता सेकंदाला तीसच फ्रेम उलगडायच्या आहेत, तरीही काही टीव्ही पट्टी वाचूनच नकार देतात. शिवाय आयफोनची पूर्ण एचडीतली २४० फ्रेमची चित्रं एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबलेली असतात आणि जुन्या टीव्हींना ती पद्धतच कळत नाही. अशा वेळी चित्रं नव्याने दाबण्याला पर्याय नाही:

```
ffmpeg -i IMG_4312.MOV -an -vf "setpts=8*PTS,fps=30" -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p tv.mp4
```

इथे सगळा भर `-vf` च्या अवतरणातल्या क्रमावर आहे. आधी `setpts` ने वेळ ताणायची, मग `fps=30` ने गती ठरवायची. क्रम उलटला तर आधी सेकंदाला ३० फ्रेम उरतात, म्हणजे आठातल्या सात फेकल्या जातात, आणि उरलेली एकेक फ्रेम मग आठपट वेळ थांबवून धरली जाते. व्हिडिओ संथ दिसतो खरा, पण धक्के खात चालतो, आणि चेंडू सुटण्याचा क्षण ज्या फ्रेममध्ये होता तीच गेलेली असते.

हीच चूक बहुतेक लोक माउसनेही करतात. हँडब्रेकसारख्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेटपुढे ३० निवडलं की आपण फाइल संथ केली असं वाटतं. हँडब्रेकला वेळ ताणता येतच नाही; तो मुकाट्याने फ्रेम गाळतो आणि लांबी सहाच सेकंद ठेवतो. व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३० फ्रेमच्या प्रकल्पात क्लिप टाकून आधी निर्यात केली, आणि ती निर्यात केलेली फाइल मग हळू केली, तरी तेच होतं. डाविंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी क्लिप टाइमलाइनवर ठेवण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये फ्रेम रेट ३० करावा. तिथे तो आकडा गाळण्याचा नसतो. ‘या सगळ्या फ्रेम तीसच्या चालीने वाच’ असा त्याचा अर्थ असतो. एकच ‘३०’ एका सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम गाळतो आणि दुसऱ्यात सगळ्या राखतो. त्यामुळे गोंधळ होणारच.

काम बरोबर झालं का, हे नजरेने ठरवू नये. नव्या फाइलवर पहिली `ffprobe` ची आज्ञा पुन्हा चालवा. लांबी ४८ च्या आसपास आणि `nb_frames` पूर्वीइतकाच, १४४० च्या घरात, यायला हवा. कॅमेऱ्याची चाल नेमकी नसल्यामुळे एकदोन फ्रेमचा फरक चालतो. तो आकडा १८० झाला असेल तर फ्रेम गळाल्या. दुसरी खूण व्हीएलसी प्लेअरमध्ये मिळते. तिथे E ही कळ दाबली की व्हिडिओ एकेक फ्रेमने पुढे सरकतो. धावत्या गोलंदाजाचं चित्र प्रत्येक दाबाला थोडं बदललं पाहिजे. सात वेळा दाबून चित्र जागचं हललं नाही आणि आठव्या वेळी उडी मारली, तर लांबी ४८ सेकंद असूनही ती फाइल निकामी आहे. अशा फाइलमध्ये `nb_frames` ही फसवतो, कारण त्याच त्या फ्रेमच्या प्रती मोजल्या जातात.

कुणाला सगळी फेक संथ नको असते. धाव नेहमीच्या गतीने आणि फक्त चेंडू सुटतानाचा भाग हळू, जसं फोनवर दिसतं तसं हवं असतं. त्यासाठी आज्ञांची कसरत करण्यापेक्षा फोनकडूनच काम करून घ्यावं. आयफोनच्या फोटो ॲपमध्ये खालच्या पट्टीवर मंद भाग निवडून व्हिडिओ तिथूनच मेलने किंवा मेसेजने पाठवला की फोन ती मंदगती चित्रांतच उतरवून नवी फाइल देतो. केबल लावून मूळ फाइल कॉपी केली तर मात्र ती खऱ्या वेळेची येते. एकच क्लिप एका वाटेने संथ आणि दुसऱ्या वाटेने वेगात पोचते ती यामुळे. प्रशिक्षकाने बारकाईने अभ्यास करायचा असेल तर मूळ फाइलच मागवावी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप पुन्हा दाबली जाते. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायला सांगावं.

एक दोष कोणत्याही आज्ञेने नीट जात नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. साध्या व्हिडिओत ते सहसा जाणवत नाही. २४० फ्रेममध्ये प्रत्येक लुकलुक पकडली जाते आणि संथ केल्यावर सगळं मैदान सेकंदाला बारा-तेरा वेळा फडफडतं. एफएफएमपेगमध्ये `deflicker` नावाची गाळणी आहे, ती थोडीफार डागडुजी करते, पण चित्राच्या एका भागात लुकलुक आणि दुसऱ्यात नाही असं असेल तर तिचाही इलाज चालत नाही. स्लो-मोशन घ्यायचा असेल तर सराव उन्हात असतानाच घ्या.