‘पोळ्यापासून धडधडतंय’: लाँग केस कागदावर कशी उतरते

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला मेडिसिनच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एक अनोळखी रुग्ण दिला जातो. साधारण तासाभरात त्या रुग्णाची सगळी हकीकत विचारायची, त्याला तपासायचं आणि निदानासह सगळं मुद्देसूद लिहून काढायचं. हिला लाँग केस म्हणतात. परीक्षक मग तो कागद हातात घेऊन खाटेपाशी येतात आणि लिहिलेलं एकेक वाक्य तपासून घेतात.

विद्यार्थ्यांची बहुतेक मेहनत रुग्णाला तपासण्यात जाते आणि लिहिणं शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं जातं. माझ्या मते केस खरी तिथेच बिघडते. रुग्ण त्याला जसं आठवतं तसं सांगतो आणि विद्यार्थी त्याच क्रमाने टिपून घेतो. ही टिपणं तशीच उत्तरपत्रिकेवर गेली तर परीक्षकाला माहिती सगळी मिळते, पण आजार कसा वाढत गेला ते दिसत नाही. टिपणं ऐकण्याच्या क्रमाने असतात, केस घडण्याच्या क्रमाने लिहायची असते.

समजा परीक्षा जानेवारीच्या अखेरीस आहे आणि वाट्याला अठ्ठावीस वर्षांची, शेतमजुरी करणारी बाई आली आहे. तिने सांगितलं तसं विद्यार्थ्याने खरडलेलं असं दिसेल:

‘पाय सुजलेत, संक्रांतीपासून. धाप लागते, दिवाळीपासून फार. एक हंडा आणला तरी बसावं लागतं. रात्री दम कोंडून उठते, खिडकीपाशी बसते. पोळ्यापासून छातीत धडधड, एकदम सुरू झाली. धाप पहिल्यांदा दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी, तीन वर्षं झाली. लहानपणी ताप, गुडघे-घोटे सुजले, एक बरा झाला की दुसरा. महिन्याला कमरेत इंजेक्शन होतं, लग्नानंतर बंद.’

पहिलं काम कालगणनेचं. रुग्ण सणांवर आणि हंगामांवर वेळ सांगतो, केसमध्ये दिवस, आठवडे, महिने लागतात. संक्रांत म्हणजे पंधरा दिवस, पोळा म्हणजे जवळपास पाच महिने. हे रूपांतर खाटेपाशीच करावं, कारण ‘म्हणजे पोळ्याच्या आधी की नंतर?’ हे विचारायला नंतर रुग्ण समोर नसतो. मग मुख्य तक्रारी सर्वांत जुनीपासून नवीपर्यंत लिहायच्या: धाप, तीन वर्षं, छातीत धडधड, पाच महिने, पायांवर सूज, पंधरा दिवस. बाईने सुरुवात सुजेपासून केली होती, कारण आज त्रास सुजेचा आहे. कागदावर सूज शेवटी जाते. मुख्य तक्रारींत रुग्णाचेच साधे शब्द ठेवावेत. तिथे ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलं की परीक्षकाला समजतं, विद्यार्थ्याने हकीकत ऐकण्याआधीच निदान ठरवलं होतं.

क्रम लावला की घटना एकमेकींचं कारण सांगू लागतात. लहानपणीचा ताप आणि एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज ही र्‍ह्युमॅटिक तापाची ओळख आहे. महिन्याचं इंजेक्शन बहुधा पेनिसिलिनचं, तो ताप उलटू नये म्हणून दिलं जाणारं. अशा तापाने हृदयाची मायट्रल झडप वर्षानुवर्षं आक्रसत जाते. डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत रक्त या झडपेतून जातं. तिचं तोंड मोठ्या माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं; ते अरुंद झालं की रक्त मागे, फुप्फुसांत तुंबतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं, ठोके वाढतात, आणि तोपर्यंत गप्प असलेली अरुंद झडप पहिल्यांदा धापेच्या रूपाने बोलते. म्हणून दुसरं बाळंतपण हा तपशील ‘प्रसूतीविषयक इतिहास’ या मथळ्याखाली एकटा पडू न देता धापेच्या पहिल्याच वाक्यात यायला हवा.

पोळ्याच्या सुमाराची धडधडही अशीच. ती एकदम सुरू झाली, म्हणजे हृदयाची लय बिघडली असावी. कर्णिका नीट आकुंचन न पावता नुसती थरथरू लागते, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ठोके जलद पडले की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो आणि अरुंद झडपेतून रक्त उतरायला तेवढीही उसंत मिळत नाही. म्हणून दिवाळीनंतर धाप वाढली. फुप्फुसांतला दाब वाढत जाऊन उजवी बाजू थकली, म्हणून संक्रांतीला सूज आली. हे चार-पाच वाक्यांत लिहिलं की वाचणाऱ्याला निदान अर्धंअधिक कळलेलं असतं.

धापेची पातळीही कामाच्या भाषेत नोंदवावी. एक हंडा आणला की बसावं लागतं, म्हणजे रोजच्या कामापेक्षा कमी श्रमानेही धाप. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या चार पायऱ्यांपैकी ही तिसरी. नुसतं ‘तिसरा वर्ग’ लिहिलं तर परीक्षक विचारणारच, कशावरून? हंडा कागदावर असेल तर उत्तर तयार असतं.

यानंतर नसलेल्या गोष्टी. इथे पाठ केलेली यादी ओतायचा मोह फार असतो: जुलाब नाहीत, लघवीला जळजळ नाही, डोकेदुखी नाही. नकार तोच लिहावा जो या आजाराबद्दल काही सांगतो. या बाईला दीर्घकाळ ताप नाही, म्हणजे झडपेवर जंतुसंसर्ग असण्याची शक्यता कमी. हातापायातली ताकद कधी अचानक गेली नाही आणि बोलणं अडखळलं नाही, म्हणजे थरथरणाऱ्या कर्णिकेत साचलेली रक्ताची गुठळी मेंदूत गेल्याची खूण नाही. खोकल्यातून रक्त आलं का, आवाज बसला का, हेही विचारून उत्तर लिहावं. असे पाच-सहा नकार पुरतात.

तपासणीच्या टिपणांत मात्र एक वेगळाच धोका असतो. हकीकतीतला एखादा शब्द हुकला तर संदर्भाने भरता येतो, तपासणीतला हुकला तर निष्कर्षच बदलतो. दोन ठिकाणं दाखवतो.

पहिलं नाडीचं. टिपणात ‘नाडी ९२, अनियमित’ एवढंच असेल तर ते अपुरं आहे. या लयीत ठोक्यांचा वेळ आणि जोर दोन्ही बेशिस्त असतात, आणि हृदयाचा प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोहोचत नाही. म्हणून नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची आणि स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोकेही मोजायचे, शक्य तर दोघांनी एकाच वेळी. हृदयाचे ११२ आणि मनगटाचे ९२ आले तर फरक २०. तो आकडा कागदावर हवा. दहापेक्षा मोठा फरक फिब्रिलेशनच्या बाजूने बोलतो.

दुसरं मर्मरचं, म्हणजे झडपेतून रक्त घुसळत जाताना येणाऱ्या आवाजाचं. बाईला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडायला लावला आणि स्टेथोस्कोपची बेलची बाजू हृदयाच्या टोकावर अलगद टेकवली की मायट्रल स्टेनोसिसचा खालच्या पट्टीतला घरघराट ऐकू येतो. त्याआधी झडप उघडतानाचा छोटा टकटकीत आवाज येतो, तो ओपनिंग स्नॅप. आता पुस्तकांत या मर्मरचं एक ठरीव वर्णन असतं: पुढच्या ठोक्याच्या अगदी आधी तो चढतो. हा चढ येतो कर्णिकेच्या आकुंचनामुळे. या बाईची कर्णिका आकुंचनच पावत नाहीये. तरीही सवयीने अनेक जण तो चढ लिहून ठेवतात आणि नाडीच्या पानावर फिब्रिलेशनही लिहितात. क्वचित, ठोका लवकर पडला तर, या लयीतही आवाज शेवटी चढल्यासारखा वाटू शकतो. पण तसं लिहिलं की परीक्षक स्टेथोस्कोप पुढे करून ‘ऐकव’ म्हणतील. ऐकू आलं असेल तरच लिहावं. गळ्यातल्या शिरेचंही तसंच: कर्णिकेमुळे उठणारी ‘ए’ लाट फिब्रिलेशनमध्ये दिसत नाही, आणि ती ‘ठळक’ आहे असं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या नोंदींवरही परीक्षकाचा भरवसा राहत नाही.

याच बाईला छातीच्या हाडाच्या डाव्या खालच्या कडेला दुसरा एक मर्मर ऐकू आला, आकुंचनाच्या काळातला. टिपणात ‘सिस्टॉलिक मर्मर आहे’ एवढंच असेल तर लिहिताना हात अडतो: मायट्रल झडप गळतेही आहे, की उजव्या बाजूची ट्रायकस्पिड? दोहोंत फरक करणारी गोष्ट म्हणजे श्वास. खोल श्वास आत घेताना आवाज वाढला तर तो बहुधा ट्रायकस्पिडचा. काखेकडे पसरत गेला तर मायट्रलचा. म्हणून प्रत्येक आवाजापाशी जागा, वेळ, पसरण आणि श्वासाने होणारा बदल एकत्र लिहावा. आपल्या बाईत तो श्वासाने वाढला. गळ्यातल्या शिरा फुगलेल्या होत्या आणि यकृत बरगडीखाली तीन बोटं लागून दाबल्यावर दुखत होतं. तिन्ही गोष्टी उजवी बाजू थकल्याचंच सांगतात.

आता निदान. एका वाक्यात पण पायऱ्यांनी: कारण, कोणती झडप, लय, गुंतागुंत, कार्यक्षमता. म्हणजे ‘र्‍ह्युमॅटिक हृदयविकार, मायट्रल स्टेनोसिस, एट्रियल फिब्रिलेशन, पल्मनरी हायपरटेन्शन, ट्रायकस्पिडची गळती आणि उजव्या बाजूचं फेल्युअर, जंतुसंसर्गाची किंवा गुठळी सरकल्याची खूण नाही, कार्यक्षमता तिसरी पायरी’. पल्मनरी हायपरटेन्शन लिहायचं तर दुसऱ्या ध्वनीचा फुप्फुसाकडचा भाग मोठा ऐकू आल्याची नोंद मागे असायला हवी. निदानातला प्रत्येक शब्द उलटा वाचत जावा आणि त्याच्या बाजूची नोंद मागच्या पानांवर आहे ना ते पाहावं. ज्याला नोंद नाही तो शब्द खोडावा. झडप किती अरुंद आहे याचा आकडा खाटेपाशी मिळत नाही, तो इकोकार्डिओग्राफीचा प्रांत आहे. ‘सिव्हिअर’ लिहायचं असेल तर मर्मर लांब चालतो, दुसरा ध्वनी आणि ओपनिंग स्नॅप यांतलं अंतर कमी आहे, असं काहीतरी ऐकलेलं असावं लागतं.

वेळेची विभागणी मी विद्यार्थ्यांना अशी सांगतो: हकीकतीला वीस-पंचवीस मिनिटं, तपासणीला वीस, आणि लिहायला राखून ठेवलेली पंधरा. त्या पंधरांतली शेवटची तीन सारांशाची. सारांशात सगळं पुन्हा येऊ नये. निदान ज्यांवर उभं आहे तेवढ्याच गोष्टी पाच ओळींत याव्यात, कारण पुष्कळ परीक्षक आधी तेवढंच वाचून दाखवायला लावतात.

शेवटी इतर शक्यता दोनच लिहाव्यात, पण नाकारण्याच्या कारणासह. डाव्या कर्णिकेतली मिक्सोमा नावाची गाठही झडपेचा रस्ता अडवून असाच आवाज काढू शकते. पण तिच्यात त्रास बऱ्याचदा अंगाच्या स्थितीनुसार बदलतो, आणि लहानपणी सांधे सुजल्याची हकीकत ती समजावू शकत नाही. महाधमनीची झडप गळत असेल तरी हृदयाच्या टोकावर घरघराट येतो, त्याला ऑस्टिन फ्लिंट मर्मर म्हणतात. मात्र तिथे नाडी उसळती असते, ओपनिंग स्नॅप नसतो आणि पहिला ध्वनी मोठा येत नाही. या बाईचा रक्तदाब ११०/७० होता, म्हणजे वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर वाढलेलं नव्हतं. तेही तिथेच, त्या शक्यतेसमोर लिहावं.