खड्ड्याची कड, वरून पडणारी वीट आणि ओलं सिमेंट

नव्या मजुरांना कामाला लावण्याआधी एकत्र बसवून सुरक्षेचे नियम सांगायचे, ही पद्धत मोठ्या बांधकामांवर आता रुळली आहे. पण तो वेळ बऱ्याचदा हेल्मेट वाटण्यात आणि रजिस्टरवर अंगठे घेण्यात संपतो. नांदेडहून किंवा बिहारमधून कालच आलेल्या माणसाला मात्र एकच गोष्ट कळायला हवी असते, ती म्हणजे धोका आधी ओळखायचा कसा.

पायाचा खड्डा घ्या. तीन मीटर खोल, कड सरळ उभी कापलेली, मुरूम कोरडा आणि टणक दिसतो. ही माती दोन-तीन दिवस जागची हलत नाही, आणि म्हणूनच माणसं फसतात. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं, म्हणजे लहान मोटारीहून जास्त. माणूस छातीपर्यंत गाडला गेला, तरी श्वास सोडला की माती आणखी आवळते आणि पुढचा श्वास घेता येत नाही. डोकं मोकळं राहिलं तरी जीव जातो तो असा.

कड ढासळण्याआधी खुणा दिसतात. कडेपासून थोडं मागे, कडेला समांतर अशी बारीक भेग पडते. उभ्या भिंतीतून ढेकळं सुटू लागतात, तळाशी पाणी झिरपतं. यातलं काहीही दिसलं तर आधी बाहेर यायचं आणि मग मुकादमाला सांगायचं, हे पहिल्याच दिवशी मनावर ठसायला हवं. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या भिंतींना आधार हवा, नाहीतर त्या उतरत्या कापायला हव्यात. काढलेली माती कडेपासून निदान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यात जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. आपल्या तीन मीटरच्या खड्ड्याला दीड मीटर पुरतं. चार मीटर खोल गेलात तर ढीग दोन मीटर मागे घ्यावा लागतो. मिक्सरची गाडी तर त्याहूनही लांब थांबवायची, कारण तिच्या वजनाबरोबर हादरेही कडेला पोचतात.

एप्रिलच्या उन्हात त्या भिंतीची सावली मोठी सुखाची वाटते. जेवणाच्या सुट्टीत बाया डबे घेऊन तिथंच बसतात. जाणता सुपरवायझर त्यांना नुसता ओरडत नाही. ‘‘मावशी, तिकडं शेडमध्ये बसा, ही भिंत आज सकाळीच कापलीय,’’ असं कारणासकट सांगतो. अर्थात, तशी शेड आधी उभी करून द्यायला हवी.

पुण्यात कोंढव्याला 29 जून 2019 रोजी पहाटेच्या अंधारात, मुसळधार पावसात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. 15 जण गेले, त्यांत लहान मुलं होती. खोदकाम असो की भिंत, तिच्या पायथ्याशी माणसं झोपवायची नसतात.

वरून पडणाऱ्या वस्तूंचं गणित सोपं आहे. दहाव्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे तीस मीटरवरून सुटलेली वीट अडीच सेकंदांत जमिनीवर येते, तेव्हा तिचा वेग ताशी 85 किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या माऱ्यापुढे हेल्मेटचा भरवसा धरता येत नाही. त्यातून डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं वाहणारी बाई हेल्मेट घालणार तरी कशी? म्हणून परांचीच्या कडेला फळी आणि जाळी हवी, आणि घमेल्यांची वाट वरच्या कामाच्या खालून जाताच कामा नये.

सिमेंटबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. ओलं सिमेंट चुन्यासारखं तीव्र अल्कधर्मी असतं आणि ते कातडी भाजतं. ते लागल्याबरोबर दुखत नाही, हीच खरी अडचण. स्लॅबच्या दिवशी गमबुटात माल शिरतो, माणूस तसाच काम करत राहतो, आणि संध्याकाळी बूट काढतो तेव्हा घोट्यावर खोल जखम झालेली असते. गुडघे टेकून फिनिशिंग करणाऱ्यांचंही असंच होतं. बुटात माल गेला की लगेच बूट-मोजे काढून भरपूर स्वच्छ पाण्याने पाय धुवायचे. तेल-हळद लावत बसायचं नाही. थापी आणि फावडी बुडवलेल्या बादलीत हात धुतले तर काही उपयोग नाही, कारण ते पाणीही सिमेंटचंच असतं. डोळ्यात गेलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे काहींना अशी खाज सुटते, की एकदा ती अॅलर्जी जडली की थोड्याशा सिमेंटनेही पुन्हा उठते. असा गवंडी शेवटी धंदाच सोडतो.

मोठ्या साइटवर निदान कुणी सांगणारा असतो. तुमच्या-आमच्या घराच्या, बंगल्याच्या कामावर तोही नसतो. म्हणून घर बांधायला काढाल तेव्हा ठेकेदाराकडे आधीच तीन गोष्टी मागा: माती कडेपासून लांब टाकणं, खड्ड्यात उतरायला पक्की शिडी, आणि माल कालवतात तिथं स्वच्छ पाण्याचा नळ.